अडीच वर्षांची मुलगी, रात्रीचा खोकला आणि मेडिकलमधली बाटली

मुलगी अडीच वर्षांची, वजन ११ किलो. लसी वेळच्या वेळी झालेल्या, दम्याचा किंवा धाप लागण्याचा पूर्वी कधी त्रास नाही. सोमवारी सकाळी नाक वाहायला लागलं. मंगळवारी ताप १०१ अंश फॅरनहाइट, खाणं निम्म्यावर, आणि रात्री आडवं केलं की खोकल्याची उबळ. बुधवारी संध्याकाळी आजी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. "दादा, नातीला सर्दी-खोकला झालाय, एखादं चांगलं औषध द्या." दादांनी वय विचारलं, वजन विचारलं नाही, आणि एक लाल सिरप पुढं केलं: "दिवसातून तीन वेळा, एक चमचा."

हे प्रकरण एकाच घरातलं नाही. लहान मुलांच्या ओपीडीत रोज दिसणाऱ्या चित्रावरून ते उभं केलं आहे. प्रश्न एवढाच आहे की ती बाटली या मुलीला द्यावी का. त्याचं उत्तर बाटलीच्या लेबलवरच बऱ्यापैकी मिळतं, फक्त ते बारीक अक्षर वाचावं लागतं.

लेबलवर काय लिहिलं होतं

दर ५ मिलीमध्ये पॅरासिटामॉल १२५ मिग्रॅ, फिनाइलेफ्रिन ५ मिग्रॅ आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट १ मिग्रॅ. लहान मुलांच्या सर्दीसाठी आपल्याकडे सर्रास खपणारं हे मिश्रण आहे. यातला प्रत्येक घटक या मुलीच्या कामाचा आहे का, ते पाहू.

फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं. पण तोंडावाटे घेतल्यावर आतडं आणि यकृत त्याचा बराचसा भाग निकामी करतात, नाकापर्यंत पोचतं ते अगदी थोडं. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन मोठ्या माणसांचंही चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. मग अडीच वर्षांच्या मुलीला त्यातून काय मिळणार? मिळालीच तर छातीत धडधड आणि चिडचिड.

क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीतलं अँटिहिस्टामिन. ॲलर्जीच्या शिंकांवर ते चालतं. विषाणूच्या सर्दीत नाक वाहण्याची यंत्रणा बऱ्याच अंशी वेगळी असते, त्यामुळे तिथं त्याचा उपयोग नाही. ते स्राव सुकवतं, म्हणजे पातळ शेंबूड घट्ट होतो आणि लहान मुलाला तो बाहेर टाकणं आणखी जड जातं. शिवाय गुंगी येते. घरच्यांना "औषध लागू पडलं, पोर शांत झोपलं" असं जे वाटतं ते बहुतेक वेळा या गुंगीमुळे. गुंगीतलं मूल दूध-पाणी कमी घेतं, आणि खरंच धाप वाढत असेल तर तेही लक्षात येत नाही. काही मुलांत उलटंच होतं: मूल झोपतच नाही, रात्रभर किरकिरतं.

राहिलं पॅरासिटामॉल. तापासाठी ते योग्य औषध आहे, पण या बाटलीत असणं हाच धोका, कारण घरात तापाची वेगळी बाटली आधीपासून असते. या घरातही होती, ५ मिलीत २५० मिग्रॅवाली. मुलीचा एका वेळचा योग्य डोस किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १६५ मिग्रॅ, आणि तो दिवसात जास्तीत जास्त चार वेळा, म्हणजे ६६० मिग्रॅ. आई तापासाठी हे अगदी बरोबर देत होती. आजींनी त्यावर सर्दीचं सिरप तीन वेळा सुरू केलं असतं तर आणखी ३७५ मिग्रॅ पोटात गेलं असतं. एकूण १०३५ मिग्रॅ, मर्यादेच्या दीडपटीहून जास्त. एका दिवसाने सहसा बिघडत नाही, पण न जेवणाऱ्या, तापलेल्या मुलात हे तीन-चार दिवस चाललं की यकृतावर बेततं. आणि दोघींपैकी कुणाचीच चूक दिसत नाही, कारण दोघींनी आपापली बाटली "सांगितल्याप्रमाणे" दिलेली असते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" अशी चेतावणी छापायला सांगितली. म्हणजे वय अडीच ऐकल्यावर दादांनी ती बाटली काढायलाच नको होती.

आजींनी दुसरं सिरप मागितलं असतं तर? कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये बहुधा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते मेंदूतला खोकल्याचा संदेश दाबतं. लहान मुलांत गोड पाण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त दिसलेला नाही, आणि जास्त गेलं तर मूल झिंगल्यासारखं होतं, श्वास मंदावतो. कफ पातळ करणाऱ्या सिरपमध्ये अम्ब्रॉक्सॉलच्या जोडीला टर्ब्युटालिन किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल असतं. छातीत शिट्टीसारखा आवाज नसेल तर श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाचं काम काय? हात थरथरतात, नाडी धावते, एवढंच. ज्या मुलाला खरोखर शिट्टीचा त्रास आहे त्याला डॉक्टर स्पेसर लावून पंप देतात, कारण तिथं औषध थेट फुप्फुसात, फार कमी मात्रेत पोचतं.

छिंदवाड्याचा धागा

इथवर आपण बाटली शुद्ध आहे असं धरून चाललो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापाची मुलं औषध घेतल्यावर काही दिवसांत लघवी बंद होऊन दवाखान्यात येऊ लागली. बरीचशी पाच वर्षांखालची. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवलं, डायलिसिस केलं, तरी वीसहून जास्त मुलं दगावली. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्येही हेच तीन घटक होते. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत एसआर-१३ या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. परवानगी ०.१ टक्क्यापर्यंतच आहे. म्हणजे ५ मिलीच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचा वापर थांबवण्याचा इशारा दिला.

हे विष आत शिरतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. पॅरासिटामॉलसारखी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून पातळ औषधात प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिनसारखं द्रावक घालावं लागतं. ते औषधी दर्जाचं घ्यायचं असतं. औद्योगिक दर्जाचं स्वस्त पडतं, आणि त्यात किंवा त्याच्या जागी डायइथिलीन ग्लायकॉल येऊ शकतं. तेही रंगहीन, घट्टसर, चवीला गोड. पिंपातला माल वापरण्याआधी तपासला नाही तर कारखान्यात कुणाला कळत नाही, दुकानदाराला नाही, डॉक्टरला नाही, चमचा भरणाऱ्या आईला तर नाहीच. रंग, वास, चव, कशावरूनही घरी ओळखता येत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमधून हेच झालं होतं, २०१९-२० मध्ये जम्मूतल्या रामनगरमध्ये खोकल्याच्या सिरपमधून, २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या सिरपमधून.

छिंदवाड्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून किंवा देऊ नयेत, पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे सुचवली जात नाहीत, आणि त्यापुढेही नीट तपासून, योग्य मात्रेत, कमीत कमी दिवस, अनेक औषधांची मिश्रणं टाळूनच द्यावीत. भेसळीची भीती बाजूला ठेवली तरी हा सल्ला तसाच उभा राहतो. ज्या औषधाचा फायदाच नाही, त्यासाठी लाखात एक धोकाही पत्करण्याचं कारण नाही.

एखाद्या मुलाने अशी बाटली आधीच घेतली असेल तर पुढचे दोन-तीन दिवस लघवीकडे लक्ष ठेवावं. सततच्या उलट्या, पोटदुखी, आणि लघवी कमी होत जाणं ही सुरुवातीची खूण. सुस्ती, सूज, आकडी नंतर येतात. दिवसाच्या वेळी सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर थेट मोठं रुग्णालय गाठावं आणि बाटली सोबत न्यावी. रिकामी असली तरी चालेल. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो, आणि उरलेल्या चार थेंबांत तपासणी होऊ शकते.

मग त्या मुलीला काय दिलं

बुधवारी रात्री बाटली न उघडता आईने ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा खोकल्याबद्दल विचारलंच नाही. "ताई, ती शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा आणि सांगा." आकडा आला ३२. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ही रेषा ५० वर, आणि दोन महिन्यांखाली ६० वर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. रडताना, तापात किंवा दूध पिताना मोजलेला आकडाही फसवतो. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता, पाणी पीत होती, ताप उतरला की खेळत होती. म्हणजे घरी सांभाळण्याजोगी सर्दी.

रात्रीचा खोकला मुख्यतः नाकातून येतो. आडवं झालं की नाकातला स्राव घशात मागे उतरतो आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी मूल खोकतं. म्हणून पहिलं काम नाकाचं. मेडिकलमध्ये "सलाइन नेझल ड्रॉप्स" मागायचे आणि घेण्याआधी लेबलवर फक्त सोडियम क्लोराइड लिहिलं आहे ना हे पाहायचं. शेजारच्याच खणात तशाच दिसणाऱ्या बाटल्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. मोठ्यांसाठीचे ते थेंब लहान मुलाला जास्त गेले तर मूल गळून पडतं, नाडी आणि श्वास मंदावतात. सलाइनचे प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मूल उताणं, मान किंचित मागे. मिनिटभर थांबून सुटलेला शेंबूड मऊ कापडाने टिपायचा. शिंकरता न येणाऱ्या तान्ह्या बाळात रबरी बल्बने हलकेच ओढून घ्यायचा. जेवणाच्या आणि झोपेच्या पंधरा मिनिटं आधी, दिवसातून तीन-चार वेळा. सलाइन मिळालं नाही तर उकळून गार केलेल्या २५० मिली पाण्यात मापाचा अर्धा छोटा चमचा मीठ, सपाट करून, आणि उरलेलं त्याच दिवशी फेकून द्यायचं. खारट जास्त झालं तर नाक चुरचुरतं आणि दुसऱ्या वेळी मूल जवळही येऊ देत नाही.

दुसरं काम मधाचं. झोपण्याच्या अर्धा तास आधी अर्धा ते एक छोटा चमचा, तसाच किंवा कोमट पाण्यात. घशाला अस्तर बसतं, लाळ सुटते, उबळ कमी होते, आणि पालकांना रात्री थोडी झोप मिळते. एक वर्षावरच्या मुलांतल्या अभ्यासांत मधाचा हा फायदा दिसलेला आहे. नंतर दात पुसून घ्यावेत. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर चाटवायलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पाडणारं विष तयार करतात. बाळगुटी मधात उगाळून देण्याची आणि बारशाला मध चाटवण्याची रीत घरात असेल तर तेवढं थांबवावं. मध घरच्या झाडावरच्या पोळ्याचा असला म्हणून यात फरक पडत नाही, आणि उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत.

तिसरं, थोडं थोडं पाजत राहणं. भाताची पेज, वरणाचं पाणी, कोमट पाणी, दूध, जे ती घेईल ते, दर अर्ध्या-पाऊण तासाने चार घोट. अंगावर पिणाऱ्या बाळाला एरवीपेक्षा जास्त वेळा पाजावं. दुधाने किंवा केळ्याने कफ वाढतो हा समज पक्का आहे, पण त्यापायी आजारी मुलाचं आवडतं खाणं बंद करू नये. खाण्याचा आग्रहही नको, सर्दी गेली की भूक आपोआप परतते.

तापासाठी एकच बाटली ठेवली, २५० मिग्रॅवाली, आणि सर्दीचं सिरप परत गेलं. १६५ मिग्रॅ म्हणजे या बाटलीचे ३.३ मिली, १२५ मिग्रॅवाल्या बाटलीचे तेच ६.६ मिली झाले असते. आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिग्रॅ असतात, तिचे फक्त १.६ मिली. या तीन बाटल्यांची गल्लत ही घरातली सगळ्यात महागडी चूक. थेंबांच्या बाटलीचा "एक चमचा" म्हणजे ५०० मिग्रॅ, तिच्या डोसच्या तिप्पट. म्हणून पोहे खायचा चमचा बाजूला ठेवून मिलीच्या खुणा असलेली सिरिंज वापरावी, आणि दोन डोसांमध्ये सहा तास तरी जाऊ द्यावेत. किती वाजता दिलं ते फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचं, म्हणजे आई आणि आजी दोघी एकच डोस देत नाहीत. ताप १००.५ असला आणि मूल खेळत असलं तर औषधाची गरजही नाही.

घरगुती म्हणून सगळंच निरुपद्रवी नाही

आजींची यादी लांब होती आणि त्यातलं काही खरंच सोडावं लागलं. उकळत्या पाण्याच्या पातेल्याची वाफ लहान मुलांना देऊ नये. फायदा ठळक नाही, पण पातेलं कलंडून भाजलेली मुलं भाजलेल्यांच्या वॉर्डात नेहमी येतात. ओवा-लसणीच्या सालांची धुरी सुजलेल्या श्वासनलिकेला अजून चिडवते. नाकात तेल किंवा तूप सोडलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो लवकर बरा होत नाही. कापूर तर तेलात घालूनही नको: पोटात थोडासा गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते. कापूर असलेला बाम दोन वर्षांखाली लावू नये, त्यानंतरही नाकाखाली नाही. तव्यावर शेकलेली ओव्याची पोटली आधी स्वतःच्या मनगटावर धरून पाहावी; तापलेली पुरचुंडी नाजूक कातडीवर ठेवल्याचे गोल डाग बऱ्याच बाळांच्या छातीवर दिसतात. हळदीचं दूध चालेल, कोमट पेय म्हणून. त्यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा नको. "दोन थेंब ब्रँडी" कुणी सुचवली तर ऐकून सोडून द्यावी.

पुढचे दिवस

गुरुवारी शेंबूड पिवळा-हिरवा झाला. घरात लगेच "आता अँटिबायोटिक लागेल" अशी चर्चा झाली. रंग बदलतो तो पांढऱ्या पेशींमुळे. विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तसा होतोच. खोकलाही याच सुमाराला सगळ्यात जास्त असतो. शुक्रवारी ताप गेला. नाक दहाव्या दिवशी सुकलं. खोकला मात्र रात्री आणि धावपळ झाली की येत राहिला, आणि सतराव्या दिवशी थांबला. पालकांना हे लांबल्यासारखं वाटतं, पण सुजलेलं अस्तर पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. सर्दी आठवड्यात संपते पण खोकला मागे रेंगाळतो, हे आधी सांगितलेलं नसतं म्हणून पाचव्या दिवशी तिसरं सिरप येतं.

मात्र काही गोष्टी दिसल्या असत्या तर वाट पाहायची नव्हती. श्वास वर सांगितलेल्या रेषेवर गेला, पोट उडायला लागलं, बरगड्यांखाली खळगा पडला, शांत असतानाही श्वास घेताना घरघर किंवा कुईं असा आवाज आला, ओठ निळसर झाले, पाणी-दूध पिणंच सोडलं, प्यालेलं सगळं उलटून पडलं, आकडी आली किंवा उठवूनही जाग नीट येईना, तर रात्रीच निघायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर खोकला किती आहे हे न पाहता जायचं. ताप तीन दिवसांपलीकडे राहिला, किंवा एकदा जाऊन पुन्हा चढला, तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं. दोन आठवड्यांपुढे खोकला कमी होण्याऐवजी वाढतच असेल, वजन उतरत असेल, किंवा घरात कुणाला क्षयरोग झालेला असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यायची.

आणि सर्दी नसताना, खाता-खेळता अचानक सुरू झालेला खोकला ही वेगळीच गोष्ट. पाच वर्षांखालच्या मुलात तो शेंगदाण्याचा, चण्याचा किंवा खेळण्यातल्या मण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकल्याचा असू शकतो. पहिली उबळ गेली की मूल बरं झाल्यासारखं दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात, मग आठवड्याने एकाच बाजूचा न्यूमोनिया घेऊन येतात. इथं सिरपने नेमकं नुकसान होतं: खोकला दबतो, तुकडा आत राहतो आणि दुर्बिणीने तो काढण्याचे दिवस वाया जातात. डॉक्टरांकडे गेल्यावर "खोकला कधीपासून" एवढं सांगून थांबू नये. तो सुरू झाला त्या क्षणी मूल काय खात होतं, तेही सांगावं.